महिन्याचं घ्यावं की वर्षाचं? सबस्क्रिप्शनचा हिशेब आणि फॅमिली प्लॅनची वाटणी

स्ट्रीमिंग असो वा सॉफ्टवेअर, पैसे भरायच्या पानावर बहुधा तीन चौकोन दिसतात: महिन्याचा दर, वर्षाचा दर आणि फॅमिली प्लॅन. वर्षाच्या चौकोनावर ‘सर्वाधिक पसंती’ असं काहीतरी ठळक लिहिलेलं असतं आणि बोट तिकडेच जातं. तिथे बोट टेकवण्याआधी दोन गोष्टी कागदावर मांडाव्या लागतात. ही सेवा आपण वर्षातले किती महिने खरोखर वापरणार, ही पहिली. प्लॅन वाटून घेणार असू, तर पैसे खरोखर किती जण देणार, ही दुसरी. कंपनीची जाहिरात पहिल्या प्रश्नाचं उत्तर बारा धरते आणि दुसऱ्याचं सहा. आपली उत्तरं क्वचितच तेवढी असतात.

खालच्या उदाहरणांतले आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून घेतले आहेत. चलन कोणतंही धरा, गणित तेच राहतं.

पायरी १: शेवटच्या पानावरची रक्कम लिहून काढा

दरपत्रकावरचा आकडा आणि खात्यातून जाणारा आकडा वेगळे असू शकतात. वार्षिक प्लॅन पुष्कळदा ‘८३ प्रति महिना’ असा दाखवतात आणि खाली बारीक अक्षरात ‘वार्षिक आकारणी’ लिहितात. म्हणजे तुमच्याकडून आज ८३ नाही, १००० घेतले जाणार. काही ठिकाणी कर शेवटच्या पानावरच मिळवला जातो. म्हणून ‘पैसे भरा’ या बटणाच्या अगदी आधीच्या पानापर्यंत जा, एकूण रक्कम वहीत लिहा आणि मागे या. असं प्रत्येक प्लॅनसाठी करा.

लिहिताना तुलना सारख्याची सारख्याशी आहे ना, ते पाहा. जाहिरातींसह महिन्याचा प्लॅन आणि जाहिरातींशिवाय वर्षाचा प्लॅन यांची तुलना करून काही कळत नाही. काही अ‍ॅप आठवड्याचा दर दाखवतात. तो चारने गुणून महिना काढू नका. वर्षात ५२ आठवडे असतात, तेव्हा ५२ ने गुणा. आठवड्याला ३० हा किरकोळ वाटणारा दर वर्षाला १५६० होतो.

आणखी एक तपासणी दोन मिनिटांची आहे. तीच सेवा मोबाइलमधल्या अ‍ॅपमधून घेतली तर किती पडते आणि ब्राउझर उघडून कंपनीच्या साइटवरून घेतली तर किती, हे दोन्ही पाहा. अ‍ॅप स्टोअर विकणाऱ्याकडून आपला हिस्सा घेतं आणि काही कंपन्या तो ग्राहकाच्या दरात मिळवतात. यूट्यूब प्रीमियम आयफोनच्या अ‍ॅपमधून घेतलं तर साइटपेक्षा महाग पडतं, हे याचं नेहमीचं उदाहरण. वार्षिक सवलतीवर डोकं खाजवत बसण्याआधी हा फरक काढून टाकलेला बरा.

पायरी २: वर्षाची रक्कम महिन्याच्या रकमेने भागा

सगळ्या लेखातलं महत्त्वाचं गणित हेच, आणि ते एका भागाकाराचं आहे. महिन्याचा दर १००, वर्षाचा १००० असेल तर १००० भागिले १००, म्हणजे १०. हा तुमचा बरोबरीचा महिना. वर्षात १० महिन्यांपेक्षा जास्त वापर होणार असेल तर वार्षिक प्लॅन स्वस्त. बरोबर १० असेल तर दोन्ही सारखे. त्याहून कमी असेल तर ‘दोन महिने मोफत’ म्हणून मिळालेला प्लॅन प्रत्यक्षात महागात पडला.

सवलत टक्क्यांत दिली असेल तर बरोबरीचा महिना असा काढा: सवलतीचे टक्के शंभरातून वजा करा, उरलेल्याला १२ ने गुणा, १०० ने भागा. २० टक्के सवलत असेल तर ९.६, म्हणजे किमान १० महिने वापर हवा. ३३ टक्क्यांना साधारण ८ महिने. ५० टक्क्यांना ६. बाजारात सर्रास दिसणारी ‘१७ टक्के बचत’ म्हणजे वरचेच दोन महिने मोफत. आकडा मोठा दिसतो, पण दोन-तीन महिने वापर चुकला की बचत गेली.

पायरी ३: वापराचे महिने आठवणीतून नव्हे, नोंदीतून काढा

‘मी रोज काहीतरी बघतोच’ असं सगळ्यांनाच वाटतं. त्यावर विसंबू नका. स्ट्रीमिंग सेवांमध्ये पाहिलेल्या गोष्टींचा इतिहास तारखांसह मिळतो. सॉफ्टवेअर असेल तर त्यात तयार केलेल्या फायलींच्या तारखा लावून बघा. मागच्या बारा महिन्यांपैकी किती महिन्यांत खरोखर वापर झाला, एवढंच मोजायचं. एखाद्या महिन्यात एकदाच उघडलं असेल, तर तो महिना मोजावा का? स्वतःला विचारा, त्या एका वेळेसाठी मी महिन्याचे पूर्ण पैसे वेगळे मोजले असते का? उत्तर नाही असेल तर तो महिना सोडून द्या.

इथे सेवेची जात ओळखावी लागते. काही सेवा मध्येच थांबवता येत नाहीत. पासवर्ड सांभाळणारं अ‍ॅप किंवा फोटोंसाठी घेतलेली क्लाउड स्टोरेज एप्रिलमध्ये नको आणि मे महिन्यात हवी, असं होत नाही. त्यांचा वापर आपोआप बारा महिन्यांचा असतो. सेवा आधी वापरून पटलेली असेल तर तिथे वार्षिक प्लॅन घ्यावा आणि पुढे चालावं.

स्ट्रीमिंगचं नेमकं उलटं आहे. ते थांबवता येतं आणि परत सुरू केल्यावर बहुतेक ठिकाणी खातं, यादी, पाहण्याचा इतिहास पूर्वीसारखा सापडतो. समजा तीन सेवा आहेत, प्रत्येकीचा महिन्याचा दर १०० आणि वर्षाचा १०००. तिन्ही वार्षिक घेतल्या तर ३००० जातात. एका वेळी एकच सेवा चालू ठेवली, दीड-दोन महिन्यांत तिथलं हवं ते पाहून संपवलं आणि दुसरीकडे वळलात, तर वर्षाचे १२०० होतात. वार्षिक सवलतीने जे १७ टक्के वाचतात, त्यापुढे ही ६० टक्क्यांची बचत आहे. म्हणून स्ट्रीमिंगच्या बाबतीत माझं मत सरळ आहे: महिन्याचा प्लॅन हा ‘महाग’ प्लॅन नसून बंद करता येणारा प्लॅन आहे, आणि बंद करायची सवय असेल तर तोच स्वस्त. सवय नसेल तर मात्र वार्षिक घ्या. चालू राहून गेलेल्या मासिक प्लॅनइतकं महाग काही नाही.

नेटफ्लिक्ससारख्या सेवेत हा प्रश्नच येत नाही. तिथे नेहमीची आकारणी महिन्याचीच असते.

पायरी ४: तिसरा प्रकार ओळखा

नवख्या माणसाची सर्वाधिक फसगत इथे होते, म्हणून जरा सावकाश.

महिना आणि वर्ष यांच्या मध्ये एक प्रकार असतो: करार वर्षाचा, पैसे महिन्याला. दिसायला तो मासिक प्लॅनसारखाच दिसतो, कारण खात्यातून दर महिन्याला छोटी रक्कम जाते. पण मध्येच सोडलं तर दंड बसतो. अडोबीच्या सॉफ्टवेअरमध्ये हा प्रकार पूर्वीपासून आहे. पहिले १४ दिवस उलटल्यावर असा करार रद्द केला तर उरलेल्या महिन्यांच्या रकमेच्या ५० टक्के शुल्क लागतं, असा त्यांचा नियम सर्वांना माहीत झाला. हे शुल्क ग्राहकाला पुरेसं स्पष्ट सांगितलं जात नाही, असा आरोप ठेवून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनच्या तक्रारीवरून जून २०२४ मध्ये अडोबीविरुद्ध खटला दाखल झाला.

हिशेब करून पाहू. खरा मासिक प्लॅन १०० चा. वर्षाचा करार असलेला, पण महिन्याला भरायचा प्लॅन ७५ चा. दोन्ही शेजारी दिसल्यावर कोण १०० चा घेईल? पण समजा काम चार महिन्यांतच संपलं. ७५ प्रमाणे चार महिन्यांचे ३०० भरून झाले आहेत. उरलेले आठ महिने ७५ चे, म्हणजे ६००. त्याचा निम्मा दंड ३००. एकूण ६०० गेले. खऱ्या मासिक प्लॅनमध्ये हेच काम ४०० मध्ये झालं असतं.

आठ महिने वापरलं असतं तर? भरलेले ६०० आणि उरलेल्या ३०० चा निम्मा १५०, एकूण ७५०. मासिक प्लॅनने ८०० पडले असते. म्हणजे उलटापालट सातव्या आणि आठव्या महिन्याच्या दरम्यान होते. सातपर्यंत काम आटोपणार असेल तर महाग दिसणारा १०० चा प्लॅन घ्या. आठ किंवा जास्त महिने लागणार असतील तर कराराचा.

हा प्रकार ओळखायचा कसा? एकाच सेवेत महिन्याला भरायचे दोन दर दिसले, की स्वस्त दरामागे करार आहे असं धरून चाला. दराच्या शेजारी ‘वार्षिक’ हा शब्द, ‘वचनबद्धता’ किंवा ‘लवकर रद्द केल्यास शुल्क’ असं काही लिहिलंय का ते शोधा. ते कधीकधी प्रश्नचिन्हाच्या छोट्या खुणेमागे लपलेलं असतं. विकत घेतल्यावर आलेल्या ईमेलमध्येही कराराची अखेरची तारीख असते. ती तारीख वर्षभरानंतरची असेल तर तुम्ही करारात आहात. आणि परत करायची मुदत बहुधा अजून संपलेली नसते, म्हणून तो ईमेल त्याच दिवशी वाचा.

पायरी ५: दुसऱ्या वर्षाचा दर विचारा

पहिल्या वर्षाला ६००, नंतर दरवर्षी १०००, अशा सवलती सॉफ्टवेअरमध्ये फार असतात. अँटिव्हायरस आणि व्हीपीएन यांच्या जाहिराती तर याच्यावरच चालतात. पहिल्या वर्षाचा बरोबरीचा महिना ६ आणि दुसऱ्याचा १०, म्हणजे दोन वेगळे निर्णय आहेत. पहिल्या वर्षी घ्या, पण दुसऱ्या वर्षाचा विचार तेव्हा नव्याने करा.

वार्षिक प्लॅनच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे: पैसे आधी भरले की साधारणपणे वर्षभर दरवाढ लागत नाही. पाच महिन्यांनी मासिक दर १०० वरून ११५ झाला, तर मासिकवाल्याचे वर्षाला १३०५ जातात आणि वार्षिकवाल्याचे १००० च राहतात. बरोबरीचा महिनाही १० वरून साधारण ९.३५ वर येतो. फरक आहे, पण वर्षातले पाचच महिने वापरणाऱ्याचा निर्णय बदलेल इतका नाही. आणि वार्षिक रक्कम क्रेडिट कार्डावर थकीत ठेवून, व्याज भरत फेडणार असाल तर दोन महिन्यांची सवलत त्या व्याजातच विरघळते. अशा वेळी मासिकच बरं.

पायरी ६: फॅमिली प्लॅन, आधी नियम

आता वाटणीकडे. आधीच्याच सेवेचा फॅमिली प्लॅन महिन्याला १८० आणि वर्षाला १८०० चा आहे, सहा जण चालतात, असं धरू. ‘माणशी फक्त ३०’ अशी जाहिरात असेल. १८० भागिले १०० म्हणजे १.८, तेव्हा दोन माणसं मिळाली तरी फॅमिली प्लॅन दोन स्वतंत्र प्लॅनपेक्षा स्वस्त. सहा जण जमवण्याची धडपड करायची गरज नाही.

पण ‘फॅमिली’ म्हणजे कोण, हे प्रत्येक कंपनी आपापलं ठरवते. स्पॉटिफायच्या फॅमिली प्लॅनमध्ये सहा खाती असतात आणि सगळ्यांनी एकाच पत्त्यावर राहावं अशी अट आहे. यूट्यूब प्रीमियमचा फॅमिली प्लॅनही एकाच घरातल्यांसाठी आहे. नेटफ्लिक्सने मे २०२३ पासून अमेरिकेसह अनेक देशांत घराबाहेरच्या वापरासाठी वेगळे पैसे घ्यायला सुरुवात केली. मायक्रोसॉफ्ट ३६५ चा फॅमिली प्लॅन सहा जणांत वाटता येतो. अ‍ॅपलच्या फॅमिली शेअरिंगमध्ये गटप्रमुख धरून सहा जण बसतात. एकाच घराची अट असलेला प्लॅन दुसऱ्या गावच्या मित्रांत वाटला, तर मध्येच कुणाचं तरी खातं गटाबाहेर जाऊ शकतं आणि वर्षाचे पैसे आधीच भरलेले असतील तर भांडण तुमच्यात लागतं, कंपनीशी नाही. त्यामुळे अट वाचा आणि त्यात बसणाऱ्यांनाच घ्या.

सहा जागा म्हणजे सहा पट सेवा असंही नसतं. मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये प्रत्येकाला स्वतःची १ टेराबाइट जागा मिळते, एकाची दुसऱ्याला लागत नाही. गूगल वन मध्ये उलट, विकत घेतलेली जागा सगळ्यांत मिळून एकच असते. तिथे एकाने व्हिडिओंनी ती भरून टाकली की बाकीच्यांचीही पंचाईत, आणि स्वतःची मोफत १५ जीबीही भरलेली असेल तर नवे ईमेल येणंसुद्धा बंद होतं. स्ट्रीमिंगमध्ये प्रोफाइल किती आणि एका वेळी स्क्रीन किती, हे वेगवेगळे आकडे आहेत. पाच प्रोफाइल आणि दोन स्क्रीन असतील तर रात्री नऊ वाजता तिसऱ्याला थांबावं लागतं.

गटात शिरणं सोपं असतं, गट बदलणं नाही. गूगलच्या फॅमिली ग्रुपमध्ये एका वेळी एकाच गटात राहता येतं आणि गट बदलणं बारा महिन्यांत एकदाच शक्य असतं. म्हणून चुलतभावाच्या गटात महिनाभरासाठी शिरून मग घरच्या गटात यायचा बेत असेल तर तो आधीच सोडा. पैसे भरणाऱ्याने आणखी एक बघावं: अ‍ॅपलच्या गटात खरेदी सामायिक ठेवली असेल तर इतर सदस्यांच्या खरेदीचे पैसेही गटप्रमुखाच्या कार्डातून जातात. फक्त एखादी सेवा वाटायची असेल तर खरेदी सामायिक करण्याची सोय बंद ठेवा.

पायरी ७: वाटणी

एक उदाहरण पूर्ण सोडवू. एकाच घरात चौघं आहेत: थोरली बहीण, धाकटी बहीण, शिकायला आलेला त्यांचा आतेभाऊ आणि मावशी. सेवा सॉफ्टवेअरची आहे. बहिणी बारा महिने वापरतात. आतेभाऊ वर्षातले सात महिने. मावशी फक्त चार महिने, तिच्या संस्थेचे हिशेब पुरे करायचे असतात तेव्हा.

सगळ्यात सोपी वाटणी समान: १८०० भागिले ४, म्हणजे माणशी ४५०. सगळे मान डोलावतात. पण मावशीने चार महिने स्वतःचा मासिक प्लॅन घेतला असता तर तिचे ४०० गेले असते. फॅमिली प्लॅनमध्ये येऊन ती ५० जास्त भरतेय. ती हिशेबात पक्की असेल तर बाहेर पडेल, मग उरलेल्या तिघांना माणशी ६०० पडतील. आणि मावशीला आत ठेवायला कंपनी एक पैसाही जास्त घेत नाही. म्हणजे तिने ४०० पेक्षा कमी काहीही दिलं तरी तिचाही फायदा आणि बाकीच्यांचाही. समान वाटणीने हाच फायदा हातचा जातो.

यावर उपाय: प्रत्येकाने आधी लिहायचं, ‘एकट्याने घेतलं असतं तर मला कमीत कमी किती पडलं असतं?’ बहिणींना वार्षिक स्वस्त, म्हणून प्रत्येकी १०००. आतेभावाला सात महिने मासिक, ७००. मावशीला ४००. बेरीज ३१००. प्रत्यक्षात भरायचे १८००. आता १८०० भागिले ३१००, म्हणजे सुमारे ०.५८०६. प्रत्येकाने आपल्या आकड्याला ०.५८०६ ने गुणायचं. पूर्णांकात बहिणींच्या वाट्याला ५८१ प्रत्येकी, आतेभावाला ४०६, मावशीला २३२. बेरीज बरोबर १८००. एकटं घेण्याच्या तुलनेत प्रत्येकाची बचत साधारण ४२ टक्के. कुणालाच बाहेर पडण्यात फायदा नाही, म्हणून गट टिकतो.

घरातच आहे, कशाला एवढा कीस काढायचा, असं वाटेल. समान वाटणी सगळ्यांना मनापासून चालत असेल तर जरूर तीच ठेवा. फक्त एकदा तपासा, की तिच्यात कुणाचा हिस्सा त्याच्या एकट्याच्या खर्चापेक्षा जास्त होत नाही ना. तेवढी एकच कसोटी पुरते. थोरलीने सगळं भरून ‘राहू दे’ म्हणणंही चालतंच की, पण मग ती वाटणी नव्हे.

पुढचा प्रश्न धोक्याचा. १८०० एकरकमी थोरलीच्या कार्डातून जाणार. आतेभावाने पैसे दिलेच नाहीत तर तिच्यावर ५८१ अधिक ४०६, म्हणजे ९८७ येतात. एकटीने वार्षिक घेतलं असतं तर १००० गेले असते, तेव्हा अजूनही ती १३ ने पुढेच आहे. पण मावशीनेही हात वर केले तर १२१९, आणि आता २१९ चा तोटा. म्हणून वार्षिक फॅमिली प्लॅनमध्ये नियम एकच: सगळ्यांचे पैसे आधी हातात, मग खरेदी. नंतर मागायला गेलं की नात्यात अवघडल्यासारखं होतं.

मध्येच कुणी सोडलं तर? समजा आतेभाऊ पाच महिन्यांनी दुसरीकडे राहायला गेला आणि पैसे परत मागतोय. त्याने ४०६ दिले होते. पाच महिने एकट्याने घेतलं असतं तर ५०० गेले असते. परत काही न देताही तो ९४ ने फायद्यात आहे. तेव्हा ‘वर्षाचा हिस्सा परत मिळणार नाही, पण बदली माणूस मिळाला तर त्याने दिलेले पैसे सोडणाऱ्याला’ हा नियम बहुतेक वेळा न्याय्य ठरतो. मात्र तो खरेदीच्या आधी बोलून, चौघांच्या गटात दोन ओळींत लिहून ठेवायचा. सुरुवातीला ठरवलेला नियम सगळ्यांना रास्त वाटतो. भांडणात ठरवलेला कुणालाच वाटत नाही.

गट नवा असेल, कोण टिकेल याची खात्री नसेल, तर पहिले तीन महिने मासिक फॅमिली प्लॅन घ्या. तीन महिन्यांचे ५४० होतील. वार्षिक प्लॅनच्या हिशेबाने तेवढ्या काळाचे ४५० झाले असते. फरक ९०, चौघांत मिळून. कोण वेळेवर पैसे देतं, कोण खरोखर वापरतं, एका घराच्या अटीची अडचण येते का, हे सगळं तेवढ्यात कळून जातं. मला हा खर्च नेहमीच रास्त वाटतो.

गटात येण्याआधी प्रत्येकाने आपला जुना वैयक्तिक प्लॅन कधी संपतो तेही पाहावं. धाकटीच्या वार्षिक प्लॅनचे पाच महिने शिल्लक असतील आणि ती आज फॅमिलीत आली, तर त्या पाच महिन्यांचे पैसे परत मिळतील, पुढे ढकलले जातील की बुडतील, हे त्या सेवेच्या मदतीच्या पानावर आधी वाचा. बुडणार असतील तर शक्यतो फॅमिली प्लॅनची सुरुवातच तिच्या तारखेला जुळवून करा. आणि जुना प्लॅन आपोआप रद्द होईल असं गृहीत धरू नका. फॅमिलीत बसूनही स्वतःच्या जुन्या प्लॅनचे पैसे महिनोन्‌महिने भरणारे लोक आहेत, कारण दोन्ही वेगवेगळ्या ईमेलवर घेतलेले असतात.

पायरी ८: घेतल्या दिवशीच नूतनीकरण बंद करा

वार्षिक प्लॅनचा बरोबरीचा महिना कितीही चांगला असला तरी दुसऱ्या वर्षी तो न विचारता पुन्हा घेतला गेला तर सगळं पाणी. म्हणून प्लॅन घेतला, की त्याच दिवशी खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन आपोआप नूतनीकरण बंद करा. विकत घेतलेल्या प्लॅनमध्ये बहुतेक सेवा मुदत संपेपर्यंत चालूच राहतात. बंद करताना ‘तुमची सेवा अमुक तारखेपर्यंत सुरू राहील’ असा मजकूर येतो का, ते वाचून मगच शेवटचं बटण दाबा. तसा मजकूर नसेल तर थांबा आणि त्याऐवजी कॅलेंडरमध्ये आठवण लावा. मोफत चाचणीचा काळ असेल तर विशेष जपा: काही सेवा रद्द केल्या क्षणी बंद पडतात.

आठवण मुदतीच्या आदल्या दिवशी नको, आठवडाभर आधी हवी. अ‍ॅपलमधून घेतलेलं सबस्क्रिप्शन नूतनीकरणाच्या किमान २४ तास आधी रद्द करावं लागतं. शिवाय रद्द करायला त्याच खिडकीत जावं लागतं जिथून घेतलं. प्ले स्टोअरमधून घेतलेलं प्ले स्टोअरमध्ये, साइटवरून घेतलेलं साइटवर. फोनमधून अ‍ॅप काढून टाकलं की सबस्क्रिप्शन संपलं, हा फार पसरलेला गैरसमज आहे. अ‍ॅप जातं, आकारणी चालू राहते.

फॅमिली प्लॅन असेल तर आठवण चौघांच्याही कॅलेंडरमध्ये टाका आणि त्या आठवड्यात वापराचे महिने पुन्हा विचारा. आतेभावाचं शिक्षण संपलं, मावशीला आता आठ महिने लागतात, असं काहीतरी बदललेलं असतंच. नवे आकडे घेऊन तोच भागाकार करायचा. गट मोडणार असेल तर क्लाउडमधल्या फायली मुदत संपायच्या आत प्रत्येकाने आपल्याकडे उतरवून घ्याव्यात. गूगलमध्ये मोफत मर्यादेपेक्षा जास्त साठा तसाच राहिला तर नव्या फायली चढत नाहीत, आणि दोन वर्षं ही स्थिती राहिली तर साठवलेलं पुसलं जाऊ शकतं. थोरलीचं कार्ड बदललं असेल तर नवा क्रमांकही मुदतीआधीच भरा. पैसे अडकले तर सेवा एकटीची नाही, चौघांचीही बंद पडते.